मनःस्थितीप्रमाणे होम स्क्रीनची पाने : आयफोनवर विजेट, रंगछटा आणि फोकस यांची जुळणी

आयफोनची होम स्क्रीन मनासारखी सजवायला बसलेला नवखा माणूस बहुधा रंगापासून सुरुवात करतो आणि तिथेच त्याची गाडी अडते. कामाचे पान निळ्या छटेचे, निवांत वेळेचे पान हिरव्या छटेचे आणि रात्रीचे पान तांबूस अशी त्याची कल्पना असते; पण आयफोनमध्ये आयकॉनला दिलेली रंगछटा एका पानापुरती देता येत नाही, ती सगळ्या पानांना, तळाशी कायम दिसणाऱ्या आयकॉनच्या पट्टीला म्हणजे डॉकला आणि सर्व ॲप एकत्र दाखवणाऱ्या ॲप लायब्ररीलाही एकदमच लागू होते. म्हणून पानापानांतला फरक रंगाने न करता तीन वेगळ्या गोष्टींनी करावा लागतो. पानावर कोणती विजेट, म्हणजे ॲपमधली माहिती होम स्क्रीनवरच दाखवणारे चौकोन, ठेवली आहेत, किती जागा मोकळी सोडली आहे आणि कोणते पान कोणत्या वेळी दिसते, या त्या तीन गोष्टी होत. हे एकदा लक्षात घेतले की कामाचा क्रम आपोआप ठरतो : आधी पाने, मग विजेट, मग रंगछटा आणि शेवटी फोकस, म्हणजे सूचना अडवणारी आणि पाने बदलणारी फोनमधली सोय.

पुढील माहिती २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ या आयफोनच्या कार्यप्रणालीला धरून दिली आहे. होम स्क्रीनवर विजेट ठेवण्याची सोय २०२० च्या आयओएस १४ पासून आणि फोकसप्रमाणे पाने बदलण्याची सोय २०२१ च्या आयओएस १५ पासून आहे. आयकॉनना रंगछटा देणे आणि आयकॉन हव्या त्या जागी ठेवून मध्ये रिकामी जागा सोडणे मात्र १८ पासूनच शक्य झाले. २०२५ मधील आयओएस २६ मध्ये दिसण्यात बराच बदल झाला असला तरी क्रम हाच राहतो, आणि जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. मेनूतील नावे फोनवर इंग्रजीत दिसतात तशीच दिली आहेत.

आधी पाने मोकळी करा

होम स्क्रीनवरील रिकाम्या जागेवर बोट दाबून धरले की आयकॉन थरथरू लागतात. या अवस्थेत पडद्याच्या खालच्या भागातील ठिपक्यांवर टिचकी मारली की सर्व पाने लहान चित्रांच्या रूपात एकत्र दिसतात आणि प्रत्येकाखाली बरोबरची खूण असते. खूण काढली की ते पान लपते, पण त्यावरची मांडणी तशीच राहते. चित्र ओढून पानांचा क्रम बदलता येतो. खूण काढलेल्या पानावर वजाचे चिन्ह येते, आणि ते दाबले तरच पान कायमचे जाते. त्यावरची ॲप तेव्हाही फोनमध्ये राहतात आणि ॲप लायब्ररीत सापडतात.

सध्याची गर्दीची पाने लगेच काढून टाकू नयेत, फक्त लपवावीत. नवी मांडणी आठवडाभर वापरून पाहिल्यानंतर जुन्या पानांची गरज उरली नाही असे दिसले तर ती काढावीत. पाने लपवलेली असताना नवीन उतरवलेली ॲप होम स्क्रीनवर न येता थेट ॲप लायब्ररीत जाऊ शकतात. आपल्या कामाच्या दृष्टीने ते सोयीचेच आहे. हे नेहमीसाठी करायचे असेल तर Settings मध्ये Home Screen & App Library उघडून App Library Only हा पर्याय निवडावा, म्हणजे जुळवलेल्या पानावर एखादे नवे ॲप अचानक येऊन बसणार नाही.

एखादा आयकॉन पानावरून काढताना दोन पर्याय समोर येतात. Remove from Home Screen ने फक्त आयकॉन हटतो. Delete App ने मात्र ॲप आणि त्याने फोनमध्ये साठवलेली माहिती दोन्ही जातात. घाईत नेमका दुसरा पर्याय दाबला जातो, म्हणून इथे हात आवरता ठेवावा.

आता नवी पाने बनवायची. आयकॉन थरथरत असताना एखादा आयकॉन शेवटच्या पानाच्या उजव्या कडेपर्यंत ओढत नेला की नवे पान उघडते. अनेक आयकॉन एकदम हलवायचे असतील तर एक आयकॉन बोटाने ओढत धरून दुसऱ्या बोटाने बाकीच्यांवर टिचक्या माराव्यात, म्हणजे ते त्याच्याच गठ्ठ्यात येऊन मिळतात. एकच ॲप दोन पानांवर हवे असेल तर ॲप लायब्ररीत जाऊन त्याचा आयकॉन दाबून धरावा आणि हव्या त्या पानावर ओढून आणावा. पहिल्या पानावरचा आयकॉन जागेवरच राहतो. मनःस्थितीप्रमाणे पाने करायची तर ही सोय फार उपयोगाची आहे, कारण संगीताचे ॲप कामाच्या पानावरही हवे असते आणि निवांत पानावरही.

डॉकमधील चार आयकॉन मात्र कोणतेही पान उघडले तरी तेच राहतात आणि फोकस बदलल्यानेही बदलत नाहीत. त्यामुळे फोन, संदेश, कॅमेरा यांसारखी कोणत्याही मनःस्थितीत लागणारीच ॲप तिथे ठेवावीत. ऑफिसच्या ईमेलचा आयकॉन डॉकमध्ये ठेवला तर निवांत पान कितीही जुळवून केले तरी ईमेल तिथे खाली दिसतच राहणार.

कामाचे पान : चोवीस घरांचा हिशेब

होम स्क्रीनच्या पानावर साधारणपणे आडवी चार आणि उभी सहा अशी चोवीस घरे असतात. लहान विजेट चार घरे घेते, मध्यम आठ आणि मोठे सोळा. जागेचे नियोजन याच हिशेबाने करावे, कारण मोठे विजेट ठेवले की पानावर दोनच ओळी उरतात.

कामाच्या पानासाठी एक नमुना पाहू. वरच्या दोन ओळींत कॅलेंडरचे मध्यम विजेट, तिसऱ्या-चौथ्या ओळीत डावीकडे रिमाइंडर्सचे आणि उजवीकडे स्वतः तयार केलेले असे दोन लहान विजेट, पाचवी ओळ पूर्ण रिकामी आणि सहाव्या ओळीत चार आयकॉन. हिशेब केला तर आठ, चार, चार आणि चार अशी वीस घरे भरली आणि चार मोकळी राहिली. ही मोकळी ओळ केवळ शोभेची नाही. विजेट ही पाहण्याची वस्तू आणि आयकॉन ही दाबण्याची वस्तू असा फरक तिच्यामुळे नजरेला लगेच कळतो आणि आयकॉन दाबताना चुकून विजेट दाबले जात नाही.

विजेट आणण्यासाठी आयकॉन थरथरत असताना वरच्या कोपऱ्यातील Edit दाबून Add Widget निवडावे, ॲपचे नाव शोधावे, डावीकडे-उजवीकडे सरकवून आकार ठरवावा आणि Add Widget दाबावे. आयओएस १८ मध्ये ठेवलेल्या विजेटचा कोपरा ओढून आकार बदलता येतो. त्याने शेजारचे आयकॉन ढकलले जातात आणि जागा पुरली नाही तर ते पुढच्या पानावर जातात. म्हणून आधी सगळी विजेट त्यांच्या अंतिम आकारात ठेवावीत आणि आयकॉन नंतर बसवावेत. उलट क्रमाने केले तर तेच आयकॉन पुन्हा पुन्हा जागेवर आणत बसावे लागते.

विजेट ठेवले की ते दाबून धरून Edit Widget उघडावे, कारण नवखे लोक हाच टप्पा हमखास गाळतात. रिमाइंडर्सच्या विजेटमध्ये इथे कोणती यादी दाखवायची ते ठरवता येते, नोट्सच्या विजेटमध्ये कोणते फोल्डर ते ठरवता येते. एकाच ॲपचे विजेट दोन पानांवर ठेवून त्यांना वेगवेगळ्या याद्या देता येतात : कामाच्या पानावर ‘कार्यालय’ ही यादी, निवांत पानावर ‘घर’ ही यादी. पाने वेगळी करण्याचा मला हा सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो, कारण यात सजावटीपेक्षा मजकूर बदलतो. आयओएस १७ पासून रिमाइंडर्सचे काम विजेटवरच टिचकी मारून पूर्ण झाले असे नोंदवता येते, ॲप उघडावे लागत नाही.

एकाच आकाराचे एक विजेट दुसऱ्यावर ओढून ठेवले तर त्यांची चळत बनते आणि तीत दहापर्यंत विजेट मावतात. कामाच्या पानावर चळत ठेवायचीच असेल तर ती दाबून धरून Edit Stack उघडावे आणि Smart Rotate तसेच Widget Suggestions बंद करावे. ते चालू राहिले तर फोन स्वतःच्या अंदाजाने वरचे विजेट बदलतो. मग कॅलेंडर पाहायला गेलेल्या माणसाला हवामान दिसते आणि ठरावीक जागी ठरावीक गोष्ट असण्याचा फायदाच निघून जातो.

स्वतः तयार केलेले विजेट

ॲपल देते त्याखेरीज स्वतःच्या अक्षरांचे, रंगांचे किंवा छायाचित्रांचे विजेट हवे असेल तर विजेटस्मिथसारखे स्वतंत्र ॲप घ्यावे लागते. पद्धत दोन भागांची आहे. पहिल्या भागात त्या ॲपमध्ये जाऊन आकार निवडून विजेट तयार करायचे : तारीख, घड्याळ, मजकूर किंवा छायाचित्र यांपैकी काय दाखवायचे, अक्षरे कोणती, रंग कोणता हे ठरवायचे आणि ते ओळखू येईल असे नाव देऊन जतन करायचे. दुसऱ्या भागात होम स्क्रीनवर त्या ॲपचे त्याच आकाराचे विजेट आणायचे, ते दाबून धरून Edit Widget उघडायचे आणि आपण तयार केलेले नाव निवडायचे. दुसरा भाग राहून गेला तर पानावर ॲपचे ठरलेले विजेट दिसत राहते आणि आपण केलेले काम कुठे गेले असा प्रश्न पडतो. लहान आकारात बनवलेले विजेट मध्यम आकाराच्या यादीत दिसत नाही, म्हणून आकार आधीच पक्का करावा.

अशा विजेटकडून काय अपेक्षा ठेवावी याची मर्यादा जाणून घेतलेली बरी. विजेट म्हणजे सतत चालू असलेले ॲप नव्हे. ॲप पुढच्या काही काळाची दृश्ये आधीच तयार करून फोनकडे देते आणि फोन ती वेळेवर दाखवतो. वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाला साधारण ४० ते ७० वेळा नवी माहिती आणता येते असे ॲपलने विकासकांसाठीच्या माहितीत म्हटले आहे, म्हणजे अंदाजे दर १५ ते ६० मिनिटांनी एकदा. तारीख आणि पुढची भेट यांना हे पुरते. मिनिटामिनिटाला बदलणारा आकडा मात्र विजेटवर जुना दिसू शकतो आणि तो बिघाड नसतो. त्याचप्रमाणे असे विजेट दाबल्यावर सामान्यतः ते ज्या ॲपचे आहे तेच ॲप उघडते. विजेटस्मिथमध्ये केलेले घड्याळ दाबून घड्याळाचे ॲप उघडेल अशी अपेक्षा धरू नये.

कामाच्या पानावरील उजव्या लहान विजेटसाठी मी मोठ्या अक्षरांतली तारीख आणि खाली वार एवढेच सुचवीन. छायाचित्राचा मोह टाळावा. त्याचे कारण पुढच्या टप्प्यात आहे.

निवांत पान

या पानावर करण्यासारखे काम कमी आहे आणि ते कमीच राहू द्यावे. वरच्या तीन ओळी पूर्ण रिकाम्या सोडाव्यात म्हणजे वॉलपेपर दिसेल, चौथ्या-पाचव्या ओळीत संगीताचे लहान विजेट आणि शेजारी ‘घर’ यादीचे लहान विजेट, आणि शेवटच्या ओळीत वाचनाचे, संगीताचे वगैरे तीन-चार आयकॉन. आयओएस १८ पूर्वी आयकॉन वरच्या डाव्या कोपऱ्यापासूनच भरत जात, त्यामुळे अशी रिकामी जागा सोडण्यासाठी लोक वॉलपेपरशी जुळणारे कोरे विजेट बनवत असत; आता आयकॉन ओढून सरळ खालच्या घरात सोडला की तो तिथेच राहतो.

रात्रीसाठी तिसरे पान हवे असेल तर गजराचा आयकॉन आणि एक घड्याळ एवढे पुरे.

रंगछटा : सर्व पानांसाठी एकच

आता रंगाकडे वळू. आयकॉन थरथरत असताना Edit दाबून Customize निवडले की पडद्याच्या तळाशी एक पट्टा उघडतो. आयओएस १८ मध्ये त्यात Automatic, Dark, Light आणि Tinted हे चार पर्याय असतात आणि आयकॉनचा आकार ठरवणारे Small व Large हे दोन. आयओएस २६ मध्ये Default, Dark, Clear आणि Tinted अशी नावे दिसतात. Tinted निवडल्यावर दोन सरकत्या पट्ट्या येतात : वरच्या पट्टीवर रंग बदलतो, खालच्या पट्टीवर तो किती उजळ दिसावा हे ठरते. बाजूला असलेल्या ड्रॉपरच्या चिन्हाने वॉलपेपरमधलाच एखादा रंग उचलता येतो, आणि सूर्याच्या चिन्हाने वॉलपेपर थोडा मंद करता येतो.

Large निवडले की आयकॉन मोठे होतात आणि त्यांखालची नावे जातात. पान स्वच्छ दिसते हे खरे, पण Tinted आणि Large एकत्र वापरताना जरा थांबून विचार करावा. रंगछटा दिल्यावर प्रत्येक आयकॉनचे मूळ रंग जातात आणि ते एकाच रंगाच्या कमी-अधिक उजळ छटांत उतरतात. विकासकाने रंगछटेसाठी वेगळा आयकॉन दिलेला नसेल तर फोन स्वतःच मूळ चित्रावरून तो तयार करतो. ज्यांची ओळख आकारावरून होते असे आयकॉन, म्हणजे कॅमेरा किंवा पाकीट, यातून चांगले तरतात. ज्यांची ओळख केवळ रंगावरून होते ते एकमेकांसारखे दिसू लागतात, आणि त्यातच नावही गेले तर प्रत्येक वेळी शोधाशोध करावी लागते. पानावर चारच आयकॉन असतील आणि त्यांच्या जागा पाठ असतील तर नावे नसली तरी चालते. एका पानावर वीस आयकॉन असतील तर Small ठेवणे शहाणपणाचे.

विजेटवर होणारा परिणाम आयकॉनपेक्षा अधिक ठळक असतो आणि त्याची कल्पना नसली की माणूस गोंधळतो. Tinted लावताच विजेटची स्वतःची पार्श्वभूमी निघून जाते आणि त्यातील मजकूर एका छटेत येतो. विकासकाने ठरवून दिले असेल तर छायाचित्र रंगीत किंवा निदान करड्या छटांत दिसते. तसे केले नसेल तर फोन चित्राचा केवळ आकार लक्षात घेतो, आणि चौकोनी छायाचित्राचा आकार चौकोनच असल्यामुळे त्याच्या जागी एक सपाट पांढरट किंवा रंगीत ठोकळा उरतो. सुंदर छायाचित्र टाकून बनवलेल्या विजेटचा असा ठोकळा झालेला दिसला तर विजेट पुन्हा बनवत बसू नये. आधी Customize मध्ये जाऊन क्षणभर Light करून पाहावे; छायाचित्र परत आले तर दोष रंगछटेशी न जुळणाऱ्या विजेटचा आहे हे कळते. मग दोनच मार्ग उरतात : त्या ॲपची नवी आवृत्ती घेऊन पाहणे, किंवा छायाचित्राऐवजी अक्षरांचे विजेट वापरणे. अक्षरे छटेत नीट उतरतात, म्हणूनच कामाच्या पानासाठी तारीख सुचवली होती.

छटा निवडताना ती कोणत्या वॉलपेपरवर बसणार आहे हे पाहावे लागते, आणि आपल्या मांडणीत वॉलपेपर एकापेक्षा अधिक असणार आहेत. समजा, कामासाठी राखाडी-निळा साधा वॉलपेपर आहे आणि निवांत वेळेसाठी गडद हिरवा. ड्रॉपरने निळा उचलला तर कामाचे पान जुळून येते, पण हिरव्यावर तीच निळी छटा बेसूर लागते. त्यापेक्षा दोन्हींवर चालेल अशी फिकट छटा घ्यावी, उदाहरणार्थ पिवळसर पांढरी : वरच्या पट्टीवर पिवळ्याजवळ जावे आणि खालच्या पट्टीवर रंग जवळजवळ पांढरा दिसेपर्यंत उजळवावा. आयओएस १८ मध्ये छटा दिलेल्या आयकॉनची मागची बाजू काळसर आणि चिन्ह रंगीत असते, त्यामुळे फार उजळ वॉलपेपरवर काळ्या चौकोनांची रांग उठून दिसते. गडद किंवा मध्यम वॉलपेपर निवडल्यास हा त्रास होत नाही. आयओएस २६ मध्ये Tinted चे उजळ आणि गडद असे दोन प्रकार मिळतात, तेव्हा तिथे उजळ वॉलपेपरही वापरता येतो.

छटा ठरली की एकदा बाहेर उजेडात फोन धरून विजेटमधली बारीक अक्षरे वाचता येतात का ते पाहावे. घरात देखणी वाटलेली मंद छटा उन्हात बहुधा दिसेनाशी होते.

फोकस : कोणते पान केव्हा दिसावे

इथपर्यंत पाने तयार आहेत, पण ती एकापाठोपाठ एक दिसतात. ठरलेल्या वेळी ठरलेलेच पान दिसावे यासाठी फोकस वापरायचा. त्याआधी प्रत्येक मनःस्थितीचा वॉलपेपर तयार करून ठेवावा. लॉक स्क्रीन दाबून धरावी, अधिकचे चिन्ह दाबून नवी लॉक स्क्रीन बनवावी आणि जतन करताना Set as Wallpaper Pair निवडावे, किंवा Customize Home Screen मध्ये जाऊन होम स्क्रीनसाठी एकच रंग, रंगांचे मिश्रण, वेगळे छायाचित्र अथवा धूसर केलेली पार्श्वभूमी ठरवावी. लॉक स्क्रीन आणि होम स्क्रीनचे वॉलपेपर जोडीने राहतात, म्हणून फोकसला लॉक स्क्रीन जोडली की होम स्क्रीनचा वॉलपेपरही तिच्याबरोबर बदलतो. पानाला रंग देता येत नाही ही उणीव भरून काढण्याचा हाच खरा मार्ग आहे.

मग Settings मध्ये Focus उघडून अधिकचे चिन्ह दाबावे. कामासाठी तयार असलेला Work घ्यावा, निवांत वेळेसाठी Custom निवडून नाव आणि चिन्ह द्यावे. फोकसच्या पानावर Customize Screens या भागात दोन लहान चित्रे दिसतात. लॉक स्क्रीनच्या चित्राखालून हवी ती लॉक स्क्रीन निवडावी, होम स्क्रीनच्या चित्राखालून हवी ती पाने निवडून Done करावे. इथे लपवलेली पानेही निवडता येतात. त्यामुळे निवांत पान एरवी खूण काढून लपवून ठेवायचे आणि फक्त निवांत फोकसमध्येच दिसू द्यायचे, असे करता येते. फोकस चालू असतानाही ॲप लायब्ररी शेवटच्या पानानंतर असतेच आणि शोधही चालतो, त्यामुळे पानावर नसलेले कोणतेही ॲप हाताबाहेर जात नाही.

वेळेप्रमाणे आपोआप बदल हवा असेल तर त्याच पानावर Add Schedule मधून वेळ, ठिकाण किंवा ॲप ठरवता येते. काम फोकसला सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते संध्याकाळी ६ अशी वेळ द्यावी. निवांत फोकसला मात्र वेळ देऊ नये असे माझे मत आहे. निवांतपणा घड्याळाने येत नाही, तेव्हा कंट्रोल सेंटरमधले Focus हे बटण दाबून तो हाताने चालू करणेच बरे.

फोकसचे मूळ काम पाने बदलणे नसून सूचना अडवणे आहे, हे विसरले की नुकसान होते. केवळ पान बदलावे म्हणून केलेल्या फोकसमध्ये लोकांचे आणि ॲपचे पर्याय तसेच सोडले तर संदेशांच्या सूचना मूकपणे अडकून राहतात आणि ते तासाभराने लक्षात येते. निवांत फोकसमध्ये People उघडून Silence Notifications From निवडावे आणि यादी रिकामी ठेवावी. Apps साठीही तसेच करावे. कोणालाच गप्प करायचे नाही असा त्याचा अर्थ होतो आणि सूचना नेहमीप्रमाणे येत राहतात. उलट, Allow Notifications From निवडून यादी रिकामी ठेवली तर कोणाचीच सूचना येत नाही. दिसायला दोन्ही रिकाम्या याद्या सारख्या, परिणाम नेमका उलटा. कामाच्या फोकसमध्ये काही सूचना खरोखरच अडवायच्या असतील तर तिथे यादी विचारपूर्वक भरावी. शिवाय Settings मधल्या Focus च्या पहिल्या पानावर Share Across Devices चालू असेल तर त्याच ॲपल खात्यावरचे आयपॅड आणि मॅकही त्या फोकसमध्ये जातात. तिथल्या सूचनांवर परिणाम नको असेल तर ते बंद करावे.

पान गायब झाले असे वाटले तर

मांडणी चालू केल्यावर पहिल्या काही दिवसांत येणारी तक्रार बहुतेक एकच असते : माझे पान कुठे गेले? आधी लॉक स्क्रीनच्या तळाशी किंवा कंट्रोल सेंटरमध्ये एखाद्या फोकसचे चिन्ह उजळलेले आहे का ते पाहावे. असेल तर फोकस बंद करताच पान परत येते. आपण काहीही चालू केले नव्हते असे ठामपणे वाटत असेल तर कारण बहुधा लॉक स्क्रीन असते, कारण फोकसला जोडलेली लॉक स्क्रीन सरकवून निवडली की तो फोकसही आपोआप चालू होतो. केवळ वॉलपेपर बदलायला गेलेल्या माणसाच्या हातून पानेही बदलतात. फोकस बंद असूनही पान दिसत नसेल तर ठिपक्यांवर टिचकी मारून त्या पानाखालची खूण गेली आहे का ते पाहावे.

सगळाच गुंता झाला आणि पहिल्यापासून सुरुवात करायची असेल तर Settings मधून General, मग Transfer or Reset iPhone, मग Reset आणि तिथून Reset Home Screen Layout या मार्गाने होम स्क्रीन मूळ मांडणीवर आणता येते. यात ॲप आणि त्यांची माहिती जात नाही, पण आयकॉनच्या जागा आणि बनवलेली फोल्डरे जातात. म्हणून तसे करण्याआधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, म्हणजे जमलेले पान पुन्हा लावताना कोणत्या घरात काय होते ते समोर राहील.